चिन्ह बदललं की कंपनीच गेली?

वॉचलिस्टमधली एखादी ओळ अचानक गोठते. भाव हलत नाही, नाहीतर रकाना रिकामा दिसतो. यामागे दोन वेगळी कारणं असू शकतात: कंपनीने शेअर बाजारातलं नुसतं चिन्ह बदललं, किंवा ती दुसरीत विलीन झाली. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण दुरुस्ती अगदी उलट करावी लागते.

2025च्या एप्रिलमध्ये ZOMATO हे चिन्ह ETERNAL झालं. कंपनी तीच, शेअर तोच, शेअरचा ओळख क्रमांक म्हणजे आयएसआयएनसुद्धा तोच: INE758T01015. इथे फक्त ओळीवरची पाटी बदलायची. जुना चार्ट, लावलेले अलर्ट, आपल्या नोंदी, सगळं तसंच पुढे चालू ठेवायचं. जुनी ओळ काढून नवीन टाकली तर हा सगळा इतिहास हकनाक जातो.

HDFCचं तसं नव्हतं, ती एचडीएफसी बँकेत विलीन झाली. 12 जुलै 2023 हा त्या शेअरच्या व्यवहारांचा शेवटचा दिवस होता. एचडीएफसीच्या 25 शेअरमागे एचडीएफसी बँकेचे 42 शेअर मिळाले, म्हणजे एकास 1.68. HDFCBANK मात्र आधीपासूनच बाजारात होता, त्याला स्वतःचा इतिहास होता. त्यामुळे इथे पाटी बदलणं चूकच. HDFCच्या चार्टपुढे HDFCBANKचा भाव जोडला, तर एका दिवसात सुमारे 40 टक्के घसरण दिसते, जी प्रत्यक्षात झालीच नाही. HDFCची ओळ बंद करून ठेवायची आणि अलर्ट गुणोत्तराने भागून घ्यायचा: 2,520 रुपयांवर लावलेला असेल तर 2,520 ÷ 1.68, म्हणजे बँकेच्या शेअरवर 1,500. आणि बँक यादीत आधीच असेल तर तिची दुसरी ओळ करू नका.

मग ओळखायचं कसं? आयएसआयएनवरून, पण तो पूर्ण जुळवायचा हट्ट धरू नका, कारण शेअर विभागला गेला की भारतात आयएसआयएन बदलतो. 2019 मध्ये एचडीएफसी बँकेचं दर्शनी मूल्य 2 रुपयांवरून 1 झालं, तेव्हा INE040A01026 चा INE040A01034 झाला. कंपनी ओळखू येते ती पहिल्या सात अक्षरांवरून, इथे INE040A. ती तीच राहिली तर कंपनी तीच, फक्त भाव आणि अलर्ट विभाजनाच्या हिशेबाने लावून घ्यायचे. HDFCचा आयएसआयएन INE001A ने सुरू व्हायचा, म्हणून विलीनीकरण इथेच उघडं पडतं.

जुना आयएसआयएन बंद झाला आणि बदल्यात दुसऱ्या कंपनीचे शेअरही मिळाले नाहीत, तर शेअर डीलिस्ट, म्हणजे बाजाराच्या यादीतून काढलेला असू शकतो. तेव्हा जोडायला काही उरत नाही; शेवटच्या व्यवहाराची तारीख आणि भाव लिहून ती ओळ वेगळ्या यादीत हलवा. खात्री मात्र एक्स्चेंजच्या परिपत्रकातूनच करून घ्या, अ‍ॅपमधल्या रिकाम्या रकान्यावरून नाही.