पित्त उठतं रोज, मग टेस्ट कशाची करायची?

अंगावर पित्त उठलं की उठलेल्या एखाद्या गांधीभोवती बॉलपेननं गोल काढायचा आणि शेजारी वेळ लिहायची. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहायचं. गोल रिकामा असेल, गांध विरून गेली असेल आणि खाली डाग राहिला नसेल, तर ते नेहमीचं पित्त, म्हणजे वैद्यकीय भाषेत अर्टिकेरिया. तीच गांध चोवीस तासांनंतरही तिथेच असेल, खाजेपेक्षा दुखत किंवा जळजळत असेल, जाताना काळसर निळा वण ठेवून जात असेल, तर त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज आली आहे का हे पाहावं लागतं. त्यासाठी त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासतात. सहा आठवडे उलटून गेलेल्या पित्तासाठी येणाऱ्या प्रत्येकाला मी हा गोल काढायला सांगते. महागड्या टेस्टच्या आधी या गोलानं बरंच कळतं.

सहा आठवड्यांची रेघ उगीच आखलेली नाही. त्याआत थांबणारं पित्त बहुधा एखाद्या विषाणूच्या तापानंतर, औषधानंतर किंवा खाण्यातल्या एखाद्या पदार्थानंतर उठतं आणि आपोआप जातं. त्यापुढे रोज किंवा दिवसाआड उठत राहिलेल्या पित्ताचं कारण बाहेरच्या पदार्थात सापडणं क्वचितच घडतं. तरीही आपल्याकडे नेमकं याच टप्प्यावर ‘ॲलर्जीची टेस्ट करून घ्या’ असं सुचवलं जातं.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन जणींच्या हकिकती यात मिसळल्या आहेत. छत्तीस वर्षांच्या शिक्षिका, सांगलीकडच्या. चार महिने रोज पित्त उठायचं. पहाटे मांड्यांवर, संध्याकाळी कंबरेवर, आठवड्यातून एखाद्या वेळी वरचा ओठ सुजायचा. कोणीतरी रक्ताची टेस्ट सांगितली. रिपोर्टमध्ये शेंगदाणा, गहू, वांगं, टोमॅटो, तूरडाळ आणि घरातल्या धुळीतले सूक्ष्म किडे यांच्यापुढे ‘पॉझिटिव्ह’ लिहून आलं. बाईंनी सगळं सोडलं. दोन महिने तांदळाची भाकरी, मूग आणि दुधी भोपळा. वजन सहा किलोनं उतरलं, पित्त होतं तिथेच राहिलं. माझ्यासमोर बसून त्यांनी विचारलं, ‘डॉक्टर, आता तांदूळही सोडू का?’

त्या प्रश्नानं मला फार वाईट वाटलं, कारण बाईंची काहीच चूक नव्हती. रिपोर्टनं एका प्रश्नाचं उत्तर दिलं होतं आणि ते दुसऱ्याच प्रश्नाचं म्हणून वाचलं गेलं होतं.

आपल्या त्वचेत मास्ट पेशी असतात, हिस्टमिनच्या बारीक दाण्यांनी गच्च भरलेल्या. पॉल एर्लिख यांनी 1878 साली त्यांना हे नाव दिलं, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्या खाऊनपिऊन गलेलठ्ठ झाल्यासारख्या दिसत. दाणे बाहेर पडले की रक्तवाहिन्या फुगतात, त्यांतून पाणी झिरपतं, कातडीवर उंचवटा येतो आणि खाज सुटते. कोळंबीची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या मास्ट पेशींवर कोळंबीच्या प्रथिनाला ओळखणारी आयजीई नावाची प्रतिपिंडं बसलेली असतात. कोळंबी पोटात गेली की ती प्रतिपिंडं तिला पकडतात आणि पेशी फुटल्यासारखी रिकामी होते. रोजच्या जुनाट पित्तातही पेशी तशाच रिकाम्या होतात, पण चिथावणारा बाहेरचा नसतो. बऱ्याच रुग्णांत शरीरानं स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असतात: काहींत थायरॉइडमधल्या एका विकराविरुद्ध, काहींत थेट मास्ट पेशीवरच्या आयजीईच्या खुंटीविरुद्ध. अशा वेळी वांग्याची आणि धुळीची टेस्ट करणं म्हणजे घरातल्या भांडणाचं कारण शेजाऱ्याकडे विचारणं.

मग रिपोर्ट पॉझिटिव्ह का येतो? त्या टेस्टला रक्तात त्या पदार्थाला चिकटणारी आयजीई आहे एवढंच दिसतं. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतो का, हे दिसत नाही. अशी आयजीई असून तो पदार्थ रोज मजेत खाणारी माणसं आपल्या आसपास पुष्कळ आहेत. शिवाय अनेक वनस्पतींच्या प्रथिनांवर एकसारख्या साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात. त्या साखळ्यांविरुद्धची आयजीई रक्तात असली की गहू, शेंगदाणा, टोमॅटो अशी लांबच्या लांब यादी एकदम हलकी पॉझिटिव्ह येते, आणि त्या आयजीईनं बहुधा काहीच त्रास होत नाही. बाईंच्या रिपोर्टमधली यादी मला अगदी तशीच वाटली. आयजीजी नावाची दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं मोजून ‘तुम्हाला न सोसणारे शंभर पदार्थ’ सांगणाऱ्या टेस्ट तर करूच नयेत. एखाद्या अन्नाविरुद्धची आयजीजी म्हणजे तुम्ही ते अन्न खात आलात याची खूण.

बाईंकडे मी दोन आठवड्यांची वही मागितली. तीन रकाने: पित्त किती वाजता उठलं, त्याआधीच्या दोन तासांत काय खाल्लं, कोणतं औषध घेतलं. वहीवरून दोन गोष्टी लख्ख दिसल्या. चौदांपैकी नऊ वेळा पित्त पहाटे चार ते सहाच्या दरम्यान उठलं होतं, म्हणजे रात्रीचं जेवण होऊन सात-आठ तास झाले होते. अन्नाची खरी ॲलर्जी बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते, आणि तो पदार्थ खाल्ला की दर वेळी दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे, मधल्या तीन दिवसांत पित्त अतोनात वाढलं आणि ओठही सुजला. ते पाळीचे दिवस होते. पोटदुखीसाठी बाईंनी मेफेनामिक ॲसिडची गोळी घेतली होती.

रोजच्या पित्ताला चेतवणाऱ्या गोष्टींत मी या वेदनाशामकांना सगळ्यात वर ठेवते. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, मेफेनामिक ॲसिड, सगळी एकाच घराण्यातली. ती पित्ताचं मूळ नसतात. पण आधीच उतावीळ झालेल्या मास्ट पेशींना डिवचतात, आणि ही ॲलर्जी नसल्यामुळे ॲलर्जीच्या टेस्टमध्ये पकडली जात नाहीत. बहुतेकांना त्यांच्याऐवजी पॅरासिटामॉल चालतं. ताप, जागरण, मानसिक ताण आणि घट्ट कपड्यांचा दाबही असंच डिवचतात.

काहींचं पित्त मात्र ठरावीक स्पर्शानंच उठतं. त्याची परीक्षा साधी असते. हातावर बोथट टोकानं रेघ ओढून दहा मिनिटांनी तिथं फुगलेली, खाजणारी रेघ दिसली तर ते ओरखड्याचं पित्त. पातळ प्लास्टिकच्या पिशवीतला बर्फ हातावर पाच मिनिटं ठेवून काढला आणि दहा मिनिटांनी तेवढाच चौकोन फुगला तर थंडीचं. अशा माणसानं विहिरीत किंवा नदीत उडी मारणं जिवावर बेतू शकतं, म्हणून ही बर्फाची परीक्षा डॉक्टरांसमोरच करावी. आपल्याकडे पित्तावर आमसुलाचं पाणी लावतात. त्या थंडाव्यानं खाज शमते, पण थंडीचं पित्त असेल तर थंड पाण्यानं ते वाढतं.

‘पित्त’ या शब्दानंही घोटाळा होतो. लोकांना वाटतं, पोटातलं पित्त अंगावर आलं, आणि महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या जातात. यकृतात तयार होणाऱ्या पित्ताचा या गांधींशी काही संबंध नाही.

बाईंच्या तपासण्या मी मोजक्याच केल्या: रक्तातल्या पेशींची मोजणी, शरीरातली सूज दाखवणारं सीआरपी, एकूण आयजीई आणि थायरॉइडच्या विकराविरुद्धची प्रतिपिंडं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सुरुवातीला एवढ्यावरच थांबायला सांगतात. इओसिनोफिल पेशी वाढलेल्या असत्या तर जंतांसाठी शौचाची तपासणी केली असती. त्या वाढलेल्या नव्हत्या. थायरॉइडविरुद्धची प्रतिपिंडं मात्र चढी निघाली. मी त्यांना सांगितलं, हे तुमच्याच शरीराच्या आतलं प्रकरण आहे, वांग्याचा दोष नाही.

ॲलर्जीची टेस्ट कधी करावी, हे दुसऱ्या एका रुग्णावरून सांगते. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा. त्यालाही चार महिन्यांपासून पित्त, पण फक्त पाच वेळा उठलेलं. मधले सगळे दिवस कोरे. पाचही वेळा सकाळी चपाती खाऊन तासाभरात सोळाशे मीटर धावल्यावर उठलं, आणि शेवटच्या वेळी तो चक्कर येऊन पडला. नुसती चपाती खाऊन काही होत नाही, उपाशी धावूनही काही होत नाही. दोन्ही एकत्र आले की होतं. इथे हकिकतीनंच टेस्टचं नाव सांगितलं: गव्हातल्या ओमेगा-5 ग्लायडिन या एका प्रथिनाविरुद्धची आयजीई. नेहमीची गव्हाची टेस्ट अशा रुग्णात फसू शकते. त्याची टेस्ट पॉझिटिव्ह आली, आणि त्या उत्तरानं पुढचं सगळं बदललं: धावण्याआधी चार तास गहू नाही, एकट्यानं धावायचं नाही, ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जवळ. पित्ताबरोबर श्वास अडकला, आवाज घोगरा झाला, उलट्या झाल्या किंवा भोवळ आली, तर टेस्टचा विचार नंतर. आधी इंजेक्शन आणि दवाखाना.

पित्त अधूनमधून, ठरावीक गोष्टीनंतर आणि ठरावीक वेळात उठत असेल, तर त्या एकाच संशयिताची टेस्ट करावी. त्वचेवर थेंब टाकून टोचायची टेस्ट असेल तर ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, नाहीतर खरी ॲलर्जीही निगेटिव्ह येते. ओरखड्याचं पित्त असणाऱ्याच्या हातावर तर तुलनेसाठी टाकलेला साध्या मिठाच्या पाण्याचा थेंबही फुगतो आणि सगळंच पॉझिटिव्ह दिसतं. म्हणून मिठाच्या पाण्याचा तो थेंब वाचल्याशिवाय रिपोर्टवर विश्वास ठेवू नये.

बाईंना मी सगळे पदार्थ परत खायला लावले, रोज एक. झोप न आणणारी बिलास्टिन ही गोळी सुरू केली, खाज आली तेव्हा नव्हे, रोज ठरल्या वेळी. हिस्टमिन बाहेर पडण्याआधीच गोळी जागेवर असली पाहिजे, आणि बहुतेक लोक इथेच चुकतात. आठवड्याच्या बेरजेनं त्रास मोजायची एक सोपी पद्धत आहे: गांधींसाठी रोज 0 ते 3, खाजेसाठी 0 ते 3, आठवड्याची जास्तीत जास्त बेरीज 42. बाई 30 वर होत्या. दोन आठवड्यांनी 19. गोळी दुप्पट केली, 11. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती चौपटीपर्यंत नेता येते. तेवढ्यावर बाईंची बेरीज 4 झाली. ती उतरली नसती तर दर चार आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम ओमालिझुमॅबचं इंजेक्शन हा पुढचा टप्पा होता. ते रक्तातली आयजीईच बांधून टाकतं.

असं पित्त बहुतेकांत एक ते पाच वर्षांत थांबतं, म्हणून गोळ्या कायमच्या नसतात. सहा महिने बेरीज शून्य राहिल्यावर बाईंच्या गोळ्या एकेक करून उतरवल्या. मध्ये ताप आला तेव्हा चार दिवस पुन्हा गांधी उठल्या. त्या चार दिवसांची वही बाईंनी मला आणून दाखवली: ताप किती, गांधी किती वाजता, औषध पॅरासिटामॉल. जेवणाच्या रकान्यात पहिल्याच दिवशी लिहिलं होतं, भरलं वांगं आणि भाकरी.