टॉवर बदलतो, कॉल तुटत नाही: हँडओव्हरची पार्श्वभूमी

१९४६ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात गाडीतून फोन करायची सोय झाली, तेव्हा शहरभर एकच ताकदवान ट्रान्समीटर होता. त्याच्या टापूबाहेर गाडी गेली की बोलणं संपलं. चॅनेलही मोजकेच, त्यामुळे ग्राहक वाढवायला वाव नव्हता. डिसेंबर १९४७ मध्ये बेल लॅब्जच्या डग्लस रिंग यांनी एका अंतर्गत टिपणात त्यावर तोड सुचवली: परिसराचे छोटे षटकोनी सेल पाडा आणि त्याच फ्रिक्वेन्सी लांबच्या सेलमध्ये पुन्हा वापरा. पण मग बोलता बोलता गाडी शेजारच्या सेलमध्ये शिरली, तर कॉल सांभाळायचा कोणी?

याचं पहिलं व्यावहारिक उत्तर १९६९ मध्ये आगगाडीत मिळालं. न्यूयॉर्क ते वॉशिंग्टन धावणाऱ्या मेट्रोलायनरमध्ये पैसे टाकून बोलायचे फोन बसवले होते. सुमारे ३६० किलोमीटरच्या मार्गाचे नऊ टप्पे होते, आणि टप्पा ओलांडताना चालू कॉल आपोआप पुढच्या टप्प्याकडे जाई. रूळ ठरलेले, त्यामुळे पुढचा टप्पा कोणता हे आधीच माहीत. मोटारीच्या बाबतीत ही सोय नाही. ती कुठल्याही चौकात वळते.

शिकागोत १९८३ मध्ये व्यावसायिक सेल्युलर सेवा सुरू झाली, तिथे हे काम टॉवरांवर सोपवलेलं होतं. सिग्नल क्षीण झाला की एक्स्चेंज शेजारच्या टॉवरांना त्या फोनच्या सिग्नलचा जोर मोजायला लावी आणि सरस टॉवर निवडी. मग चालू संभाषणाचा आवाज क्षणभर बंद करून त्याच चॅनेलवरून फोनला नव्या चॅनेलचा हुकूम जाई. कान देऊन ऐकणाऱ्याला तेवढी फट जाणवायची. मोजमापाचा सगळा बोजा मात्र टॉवर आणि एक्स्चेंजवर पडे, आणि फोन नुसता हुकमाचा ताबेदार.

१९९१ मध्ये सुरू झालेल्या जीएसएम या डिजिटल मोबाइल पद्धतीने ही मांडणी उलटी केली, आणि माझ्या मते खरी हुशारी इथेच आहे. जीएसएमचा फोन सलग बोलत नसतो. सुमारे ४.६ मिलिसेकंदांच्या प्रत्येक फेरीत वेळेच्या आठ खाचा असतात. त्यातली एक ऐकायला, एक बोलायला. उरलेल्या वेळात तो शेजारच्या टॉवरांचे सिग्नल मोजतो आणि साधारण अर्ध्या सेकंदाला सर्वांत जोरदार सहांची माहिती नेटवर्कला कळवतो. निर्णय अजूनही नेटवर्कचाच.

समजा, सिग्नलचा जोर मोजायच्या डीबीएम या एककात चालू टॉवरचा सिग्नल उणे ९५ आहे, शेजारचा उणे ९३, म्हणजे किंचित जोरदार. तरी नेटवर्क लगेच हलत नाही. सरहद्दीवर आकडे सतत वरखाली होतात, आणि दोन डीबीवर भुललं तर कॉल दोन टॉवरांमध्ये टोलवला जाईल. म्हणून ठरावीक फरक, समजा सहा डीबी, सरासरीतही टिकला तरच हुकूम सुटतो. तोवर नव्या सेलमध्ये चॅनेल राखून ठेवलेला असतो. तिथे जम बसला नाही तर फोन जुन्या चॅनेलवर परत येतो, कारण तोही अजून मोकळा केलेला नसतो.

बोगद्यात मात्र ही सावधगिरीच अंगाशी येऊ शकते. तोंडाशीच सिग्नल इतका झपाट्याने पडतो की सरासरी निघेपर्यंत हुकूम पोचवायला जुना दुवाच उरत नाही. दुसरा घोटाळा गर्दीचा: शेजारचा टॉवर जोरदार आहे, पण त्याच्याकडे रिकामा चॅनेलच नाही. अशा वेळी आधी आवाज तुटक येतो, आणि फोनवर दांड्या दिसत असतानाही कॉल कट होतो.