कार्ड रिकामं आहे, मग माझा नंबर का लागत नाही?

मागच्या सेमिस्टरला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मी इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत अडकलेलो, आणि फोन आला. सेकंड इयरची मुलगी, तिचा प्रोजेक्ट सोयाबीनच्या पानांचे फोटो बघून रोग ओळखायचा. (माळव्यात सोयाबीन सोडून दुसरं काय सुचणार म्हणा.) "सर, मशीनवर दोन कार्डं आहेत ना, त्यातलं एक एकदम रिकामं पडलंय, मी स्वतः बघितलं, आणि माझा जॉब पंधरा मिनिटं झाली नुसता लटकलाय. सिस्टीम बिघडलीय का?"

सिस्टीम बिघडली नव्हती. पण प्रश्न इतका चांगला होता की त्याचं उत्तर म्हणजेच हा लेख.

आधी थोडं मागचं सांगतो. आमच्या कॉलेजच्या लॅबमधे एक तगडं मशीन आहे, 24 जीबी मेमरीची दोन जीपीयू कार्डं म्हणजे मोठी गणितं झपाट्याने उरकणारी कार्डं, 128 जीबी रॅम, बाकी सगळे पीसी त्याच्यापुढे खेळणी. पहिले काही महिने त्यावर एकच अकाउंट होतं, पासवर्ड लॅबच्या फळ्यावर खडूने लिहिलेला, हो, खरंच. मग जे व्हायचं ते झालं. कोणीतरी एक पायथन लायब्ररी अपडेट केली आणि चार जणांचे प्रोग्राम एका रात्रीत बंद पडले, कोणीतरी जागा हवी म्हणून `final` नावाचं फोल्डर उडवलं आणि ते दुसऱ्याचंच फायनल निघालं. कोणी केलं हे कळायलाही मार्ग नाही, कारण मशीनच्या नजरेत सगळे एकच माणूस.

म्हणून प्रत्येकाला वेगळं अकाउंट दिलं. लिनक्समधे हे एका कमांडचं काम आहे, प्रत्येकाचं घर म्हणजे होम फोल्डर वेगळं, त्याला कुलूप, लायब्रऱ्या ज्याच्या त्याच्या घरात. घरून यायचं तर आधी कॉलेजच्या व्हीपीएनमधे शिरायचं आणि मग `ssh` ने मशीनवर लॉगिन करायचं, तेही पासवर्डने नाही तर की-फाइलने, कारण असं मशीन उघडं इंटरनेटवर ठेवलं की जगभरातले बॉट पासवर्ड ठोकून बघायला येतात. हे सगळं दोन दिवसात झालं आणि मला वाटलं संपलं काम.

नाही संपलं. अकाउंटने फाइली वेगळ्या होतात, मशीन वेगळं होत नाही. मोठ्या वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाची खोली वेगळी असते पण विहीर एकच, तसं. जीपीयूची मेमरी ही ती विहीर. एका पोराच्या प्रोग्रामने 24 पैकी 19 जीबी धरली, त्याच कार्डावर दुसऱ्याने 8 मागणारा प्रोग्राम सोडला, की दुसरा तिथेच आपटतो, `CUDA out of memory`, म्हणजे कार्डाची मेमरी संपली. रॅमचं निदान असं तरी होतं की गरज पडली तर थोडा भाग डिस्कवर ढकलता येतो, हळू का होईना गाडी चालते, जीपीयूवर साधारणपणे ती सोय नसते. कधी कधी दोघं मावतातही, पण मग कार्ड थोडा वेळ याचं थोडा वेळ त्याचं काम करतं आणि दोघांची कामं रखडतात. आणि परीक्षेच्या आधी तर जो रात्री दोनला जागा त्याचं कार्ड, असा कायदा झालेला.

मग रांग लावली. आम्ही स्लर्म नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर वापरतो, अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबमधून निघालेलं आणि जगातल्या बऱ्याच सुपरकॉम्प्युटरवर चालणारं, आमच्या एका डब्यासाठी म्हणजे डास मारायला तोफ, पण चालतं छान. यात तुम्ही प्रोग्राम स्वतः चालवत नाही, एक चिठ्ठी लिहून ठेवता की मला काय काय लागेल आणि किती वेळ, आणि अशा एका चिठ्ठीचं काम म्हणजे एक जॉब. चिठ्ठी अशी:

```
#!/bin/bash
#SBATCH --gres=gpu:1
#SBATCH --cpus-per-task=4
#SBATCH --mem=16G
#SBATCH --time=01:00:00
#SBATCH --output=log_%j.txt
python3 train.py
```

म्हणजे एक कार्ड, चार कोअर, 16 जीबी रॅम, एक तास, आणि जे काही छापायचं ते लॉगमधे. `sbatch` करून चिठ्ठी टाकली की लॅपटॉप बंद करून सराफ्यात भुट्ट्याचा कीस खायला गेलात तरी चालतं, कारण जॉब तुमच्या लॉगिनला बांधलेला नसतो. घरची लाइट गेली, नेट तुटलं, जॉब आपला चालूच. रांग बघायची `squeue` ने, तिथे `R` म्हणजे चालू, `PD` म्हणजे थांबलाय, आणि थांबला असेल तर शेवटच्या रकान्यात कारण असतं. त्या मुलीला मी तेच विचारलं, "अगं, शेवटी काय लिहिलंय?" ती म्हणाली `Priority`. म्हणजे तिच्या पुढे कोणीतरी आहे.

आता त्या संध्याकाळची रांग नीट बघू. पहिल्या कार्डावर फायनल इयरच्या एका मुलाचा जॉब पाच वाजता सुरू झालेला, चिठ्ठीत सहा तास, म्हणजे रात्री अकराला संपणार. दुसरं कार्ड रिकामं. रांगेत पहिला नंबर एमटेकच्या मुलाचा, त्याला दोन्ही कार्डं एकदम हवीत, आठ तास. दोन्ही मोकळी कधी होणार तर अकराला, म्हणून त्याच्यापुढे कारण दिसतं `Resources`. त्याच्या मागे आपली सोयाबीनवाली, तिला एकच कार्ड हवं.

रिकामं कार्ड तिला देऊन टाकलं तर काय बिघडतं? तर तिने चिठ्ठीत `--time` ची ओळच लिहिली नव्हती. आमच्याकडे ओळ नसेल तर 24 तास धरले जातात. स्लर्मच्या हिशोबात तिला सहाला कार्ड दिलं तर ते उद्या संध्याकाळी सहाला सुटणार, आणि एमटेकवाल्याचे अकराचे दोन्ही कार्डांचे बुकिंग बोंबललं. एकेक कार्डवाले असेच मधे शिरत राहिले तर दोन कार्डवाल्याचा नंबर जन्मात लागणार नाही. म्हणून स्लर्म हात बांधून बसतो, कार्ड रिकामं ठेवतो.

मंगल कार्यालयाचं बघा ना. दोन हॉल आहेत, रात्री अकरापासून दोन्ही एका लग्नाला दिलेत, एक हॉल आत्ता रिकामा. तुम्ही म्हणालात "बारसं आहे, दोन तासात उरकतो," तर मॅनेजर हसत किल्ली देईल. तुम्ही म्हणालात "हॉल द्या, कधी संपेल सांगता येत नाही," तर कोण देईल? स्लर्म हेच करतो, याला बॅकफिल म्हणतात. साधारण दर अर्ध्या मिनिटाने तो रांगेकडे बघतो आणि विचार करतो की मागचा कुठला छोटा जॉब पुढच्याच्या वेळेला धक्का न लावता या फटीत बसतो का. यासाठी त्याच्याकडे एकच माहिती असते, तुम्ही लिहिलेला वेळ. तुमचा प्रोग्राम खरंच किती चालेल हे त्याला काही कळत नाही.

मग किती लिहायचा? मी तिला विचारलं लॅपटॉपवर ट्राय केलं तेव्हा... ती म्हणाली सर लॅपटॉपचं सोडा, गेल्या आठवड्यात मशीनवर केलं होतं, एका इपॉकला म्हणजे सगळ्या फोटोंवरून एक फेरी मारायला पावणेदोन मिनिटं. वीस फेऱ्या हव्यात. म्हणजे 35 मिनिटं, वर मॉडेल लोड होणं, फोटो डिस्कवरून येणं, धरा 40. त्यावर त्याच्या निम्मा वेळ मोकळा ठेवायचा, तर एक तास. इतकंच गणित. जॉब रद्द करून परत टाकायचीही गरज नाही, वेळ कमी करायचा हक्क ज्याच्या त्याला असतो, वाढवायचा मात्र फक्त ॲडमिनला:

```
scontrol update jobid=118 timelimit=01:00:00
```

तिने हे टाइप केलं, आणि फोन चालू असतानाच ओरडली, "सर, `R` झालं!" सहा वाजून बावीस मिनिटांनी सुरू, सात-बावीसच्या आत नक्की बाहेर, एमटेकवाल्याला कळलंही नाही. प्रत्यक्षात तिला 38 मिनिटं लागली.

आता कोणी हुशार म्हणेल की मग सगळ्यांनी दहा मिनिटं लिहा, लगेच नंबर! लिहा की. दहा मिनिटं झाली की स्लर्म प्रोग्रामला आवरायला सांगतो, आणखी 30 सेकंद वाट बघतो आणि मग सरळ मारून टाकतो, लॉगच्या शेवटी `DUE TO TIME LIMIT` दिसतं आणि तोवरची मेहनत पाण्यात. म्हणून लांबच्या कामात दर फेरीनंतर मॉडेल डिस्कवर सेव्ह करायची सवय हवी, मग मेला तरी पुढच्या वेळी तिथूनच पुढे. ज्यांनी हे शिकून घेतलं ते बारा तासाचं काम दोन-दोन तासांच्या तुकड्यात फटींमधून सारतात आणि बाकीच्यांना वाटतं की सर यांनाच झुकतं माप देतात.

या हिशोबाला एक भोक आहे, ते पण सांगतो. त्या रात्री आणखी एका पोराने दोन तासाचा जॉब टाकला, तो आठ ते दहा त्याच फटीत बसला. पण पहिल्या कार्डावरचं सहा तासांचं काम नऊलाच संपलं, कारण त्याने चिठ्ठीत अंदाज फुगवून लिहिलेला. म्हणजे हा मधला नसता तर एमटेकवाला नऊला सुरू झाला असता, आता त्याला दहापर्यंत थांबावं लागलं. स्लर्मने त्याला फसवलं का? अकराचं सांगितलेलं आणि दहाला दिलं, तक्रारीला जागा नाही. पण नऊ ते दहा एक कार्ड फुकट गेलं, आणि दोष फुगवलेल्या अंदाजाचा. सुरुवातीचा अंदाज `squeue --start` ने बघता येतो, फक्त तो दगडावरची रेघ समजू नका, लोकांच्या चिठ्ठ्या जितक्या खऱ्या तितकाच तो खरा.

अजून एक, `--mem` ची ओळ विसरू नका. आमच्या सेटिंगमधे ती नसेल तर स्लर्म तुम्हाला मशीनची सगळी रॅम देऊन टाकायचा, मग दुसरं कार्ड रिकामं असूनही पुढच्याला रॅमच नाही. हे माझ्या लक्षात यायला आठवडा गेला, रोज कार्डाकडेच बघत बसायचो. आता न लिहिणाऱ्याला 8 जीबी मिळते, बास.

आणि रांग टाळून सरळ `python3 train.py` चालवणारे? आहेत ना भिया, इंदूरच आहे. लॉगिन केल्यावर कार्डं दिसूच नयेत अशी एक ओळ प्रोफाइलमधे टाकलीय, `CUDA_VISIBLE_DEVICES` रिकामं ठेवायची, स्लर्म जॉब सुरू करताना त्यात योग्य कार्डाचा नंबर भरतो. जाणकार पोरगं ही ओळ दोन सेकंदात खोडू शकतं, ते मला माहीत आहे. पण `nvidia-smi` मधे कार्डावर चाललेल्या प्रोसेसचा नंबर दिसतो, त्यावरून कुठल्या अकाउंटची आहे ते `ps` सांगतं, आणि `squeue` मधे त्याचं नाव नसेल तर दुसऱ्या दिवशी पोहे-जलेबी त्याच्याकडून. आतापर्यंत तीनदा खाल्लीत.