चाळिशीतला वाकडा कणा: बेल्ट घ्यायचा की साइड प्लँक करायचा?

कंबर दुखते म्हणून एक्स-रे काढला आणि रिपोर्टवर 'स्कोलिओसिस, २८ अंश' असं आलं की बहुतेक लोक दोन गोष्टी करतात. एक म्हणजे मेडिकलमधून कमरेचा बेल्ट आणतात आणि दुसरं म्हणजे कणा सरळ करणारा व्यायाम शोधत बसतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत या दोन्हीतून कणा काही सरळ होत नाही, पण दुखणं मात्र बऱ्याच जणांचं कमी होतं, आणि ते कसं हे नीट कळलं तर पैसे आणि वैताग दोन्ही वाचतात.

आधी तो आकडा. स्कोलिओसिसमध्ये कणा बाजूला वाकलेला असतो आणि सोबत थोडा पिळलेलाही असतो. एक्स-रेवर वाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे सगळ्यात तिरके मणके घेऊन त्यांच्यामधला कोन मोजतात, त्याला कॉब अँगल म्हणतात, आणि तो १० अंशांच्या वर गेला की स्कोलिओसिस. या मोजणीत ५ अंशांचा फरक सहज पडतो, म्हणजे मागच्या वर्षी २६ आणि यंदा २९ आले म्हणून झोप उडवून घ्यायचं काही कारण नाही. हाडांची वाढ थांबल्यावर ३० अंशांच्या आतले बाक सहसा फारसे वाढत नाहीत. छातीच्या भागातला बाक ५० च्या पुढे असेल तर तो साधारण वर्षाला एखादा अंश सरकू शकतो. पन्नाशीनंतर डिस्क झिजून नव्याने येणारा कमरेचा बाक हा प्रकार वेगळा, त्यावर जास्त लक्ष ठेवावं लागतं.

आणि दुखणं त्या अंशांच्या हिशोबाने चालत नाही! अमेरिकेत आयोवामध्ये उपचार न घेतलेल्या स्कोलिओसिसच्या लोकांना तब्बल ५० वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा त्यातल्या ६१ टक्के लोकांना जुनाट पाठदुखी होती आणि बाक नसलेल्यांत ती ३५ टक्क्यांना होती. म्हणजे त्रास जास्त आहे हे खरं, पण दुखणाऱ्यांपैकी बहुतेकांचं दुखणं थोडं किंवा मध्यम होतं, आणि लोक संसार, नोकऱ्या सगळं करत होते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा ४४ वर्षांची बाई, कमरेत डावीकडे फुगलेला २८ अंशांचा बाक, टीनएजमध्ये असतानाच आलेला. सकाळी उठते तेव्हा बरं असतं, ओट्यापाशी अर्धा तास उभं राहिलं की डावीकडे कमरेत जडपणा आणि मग ठणका, आणि दहा मिनिटं आडवं पडलं की कमी. हे दुखणं बहुतेक थकलेल्या स्नायूंचं आहे, कारण फुगीर बाजूच्या स्नायूंना धड तोलून धरायला दिवसभर जास्त राबावं लागतं. तिचं दुखणं उलट उजवीकडे, म्हणजे खोलगट बाजूला असतं, मागे वाकलं की चिमटा बसल्यासारखं होत असतं आणि कळ पायात उतरत असती, तर तिथे सांधे दाबले जातायत किंवा नस दबतेय असा संशय घ्यावा लागला असता आणि व्यायामही बदलला असता. फुगीर बाजू घरीच कळते: पाय जुळवून पुढे वाका आणि कुणाला तरी मागून बघायला सांगा, कमरेत जी बाजू उंच दिसते ती फुगीर.

या बाईसाठी माझी पहिली पसंती साइड प्लँकला, योगवाल्यांच्या भाषेत वसिष्ठासनाच्या जवळचं काहीतरी. फुगीर बाजू खाली, म्हणजे ती डाव्या कुशीवर. डावं कोपर बरोबर खांद्याखाली, गुडघे दुमडलेले, आणि कंबर उचलून खांदा ते गुडघा एका रेषेत. १० सेकंद धरायचं, खाली यायचं, दोन श्वास घ्यायचे, परत. असं पाच वेळा, रोज. दुसऱ्या बाजूनेही करायचं, पण निम्मं. दोनेक आठवड्यांत सोपं वाटायला लागलं की सेकंद न वाढवता आधी उचलायची संख्या वाढवायची, आणि गुडघे सरळ करायचं त्यानंतर. चूक कुठे होते तर कंबर मागे जाते आणि धड पुढे कलंडतं, मग सगळा भार खांद्यावर येतो. कमरेच्या बाजूला काहीच जाणवत नाही आणि खांदाच भरून येतोय, तर तुमचं हेच चाललंय.

न्यूयॉर्कच्या लॉरेन फिशमन यांच्या अभ्यासात एकाच बाजूने साइड प्लँक करून कोनसुद्धा कमी झाल्याचं आलं होतं आणि ते नेटवर खूप फिरतं. पण माणसं मोजकी, व्यायाम न करणारा तुलनेचा गट नाही, त्यामुळे मी त्यावर कोन कमी व्हायची आशा लावणार नाही. इटलीत ३५ अंशांच्या आतल्या १३० मोठ्या माणसांवर जास्त पद्धतशीर ट्रायल झाली, त्यात बाक स्वतःहून सावरायचे व्यायाम, रोजच्या हालचालींचा सराव आणि दुखण्याची भीती घालवणारं समुपदेशन असं एकत्र दिलं होतं, आणि साध्या फिजिओपेक्षा दुखणं आणि रोजची कामं दोन्हींत जास्त फरक पडला, तोही वर्षभर टिकला.

साइड प्लँकसोबत बर्ड डॉग (चौपायी होऊन एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करणं), ब्रिज, म्हणजे पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणं, आणि रोज चालणं, एवढं पुरे. श्रॉथ पद्धत, म्हणजे खोलगट बाजूत श्वास भरायची जर्मन पद्धत, चांगली आहे, पण ती शिकलेल्या फिजिओकडूनच शिकायची, व्हिडिओ बघून नेमकी उलटी बाजू फुगवली जाते. हाडं ठिसूळ असतील तर क्रंच आणि पुढे वाकून पीळ देणारी आसनं नकोत. चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकलं, बसलं की मोकळे होतात, असं असेल तर भुजंगासन टाळा.

आता बेल्ट. ब्रेसचा, म्हणजे मापाने बनवलेल्या कडक पट्ट्याचा, जो पक्का पुरावा आहे तो वाढत्या वयातल्या मुलामुलींचा. २०१३ च्या मोठ्या अभ्यासात ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या हद्दीच्या आत राहिला, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्क्यांचा, आणि जितके तास जास्त घातला तितका फायदा जास्त. तो फायदा हाडं वाढत असताना वाढीला आवर घालण्याचा आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी वाढच उरलेली नाही. आणि मेडिकलमधला इलास्टिकचा बेल्ट हा त्या अर्थाने ब्रेस नाहीच.

पण तो निरुपयोगीही नाही. लग्नघरात तासनतास उभं राहायचंय, लांबचा एसटीचा प्रवास आहे, तर तेवढे एक-दोन तास बेल्ट लावा, पोटावर दाब येऊन कमरेचा भार थोडा हलका होतो. बेल्टने स्नायू कमजोर होतात असं सर्रास सांगतात, थोडा वेळ वापरून तसं होतं याला फारसा पुरावा नाहीये. खरी अडचण ही की बेल्टने बरं वाटतं आणि व्यायाम राहून जातो. मापाने बनवलेला कडक ब्रेस मोठ्यांत द्यायचा तो मुख्यतः वय झालेल्या, बाक वाढत चाललेल्या आणि ऑपरेशन नको असलेल्या पेशंटना. फ्रान्समधल्या एका छोट्या अभ्यासात तो रोज किमान सहा तास घालून बाक वाढायचा वेग बराच मंदावलेला दिसला, पण तोही जुन्या नोंदी तपासून, तुलनेच्या गटाशिवाय.

सहा-आठ आठवड्यांनी फरक मोजायचा तो कोनात नाही, ओट्यापाशी किती वेळ उभं राहता येतं यात. पाऊल उचलत नाही, चालताना चप्पल घासते, लघवी-संडासवरचा ताबा जातोय, मांड्यांमध्ये बधिरपणा आलाय, किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि सोबत ताप वा वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम बंद आणि सरळ डॉक्टर. त्यातही ताबा जाणं आणि मांड्यांमधला बधिरपणा असेल तर त्याच दिवशी.