चुंबक चिकटले नाही, तरी पाटली तांब्याचीच!

दिवाळीच्या तोंडावर एक ताई आमच्या दुकानात पाटली मोडायला घेऊन आल्या. ओळखीतल्या कुणाची तरी नड होती म्हणून त्यांनी ती भावापेक्षा बरीच स्वस्त घेतली होती. घेण्याआधी घरी तपासणीही झाली होती. फ्रिजवरचे चुंबक चिकटले नाही. जावयाने कुठून तरी आणलेल्या नायट्रिक ॲसिडचा थेंब टाकला, तर डागसुद्धा पडला नाही. फरशीच्या तुकड्याच्या खरखरीत बाजूवर घासली, तर छान पिवळी रेघ उठली. पाटली तिन्ही परीक्षा पास झाली आणि आमच्याकडे तांब्याची निघाली.

तपासणी करण्यात ताईंचे काही चुकले नव्हते. या परीक्षा जे सांगतात असे आपण समजतो, ते त्या सांगतच नाहीत.

चुंबक लोखंड ओळखते, सोने नाही. तांबे, पितळ, चांदी, शिसे यांतले काहीच चुंबकाला चिकटत नाही, आणि खोटा दागिना करणारा माणूस लोखंड वापरण्याइतका भोळा नसतो. उलट खरी साखळी मात्र कधी कधी चिकटते, कारण खटक्याच्या हुकात स्टीलची बारीकशी स्प्रिंग असते. एका आजींनी एवढ्यावरून आपला अस्सल गोफ खोटा ठरवला होता. साखळी चिकटली, तर आधी हूक बाजूला धरून बाकीच्या कड्यांना चुंबक लावून बघा.

ॲसिडचा थेंब पडतो तो वरच्या थरावर. ताईंच्या पाटलीवर सोन्याचा जाड मुलामा होता. नायट्रिक ॲसिड सोन्याला काही करत नाही, त्यामुळे खालच्या तांब्यापर्यंत ते पोचलेच नाही. त्याहून मोठी गोम म्हणजे 18 कॅरेटवरही हे ॲसिड गप्पच बसते. बाजारातली नेहमीची फसवणूक पितळेची नसते, कमी कॅरेटची असते. 22 कॅरेट म्हणून घेतलेल्या 10 ग्रॅमच्या साखळीत 9.16 ग्रॅम शुद्ध सोने असायला हवे. ती 18 कॅरेटची असेल, तर असते 7.5. हा दीड ग्रॅमहून जास्तीचा फरक घरच्या थेंबाला कळत नाही. जोडाच्या जागी मात्र खऱ्या दागिन्यावरही हिरवट डाग उठू शकतो, कारण जोडाला लावलेले सोने कमी कसाचे असते. शिवाय हे ॲसिड कातडी जाळते, मोती बिघडवते आणि त्याची वाफ छातीला वाईट. कृपा करून घरात आणू नका.

फरशीवरची पिवळी रेघ ही मुळात खाणीतल्या दगडांसाठीची परीक्षा आहे. सोन्यासारखा चमकणारा एक खनिज दगड असतो, त्याची रेघ काळी उठते. पितळेची रेघ काळी उठत नाही. आम्ही सराफ कसोटीवर घासतो, तेव्हा शेजारी माहीत असलेल्या कसाची रेघ ओढतो आणि दोन्हींवर त्या कसासाठीचे वेगळे ॲसिड लावून कोणती आधी विरते ते पाहतो. तरीही नुसते वरवर घासले, तर आम्हीही फसतो. मुलामा सोडाच, खऱ्या दागिन्यालाही उजाळा देताना ॲसिडने वरचे तांबे निघून जाते आणि पृष्ठभाग आतल्यापेक्षा जास्त कसाचा दिसतो.

आणि मशीन? तेही सांगतो. आमच्या कॅरेट मशीनने ती पाटली 22 कॅरेटची दाखवली! त्याचे किरण सोन्यात काही मायक्रॉनच शिरतात, आणि मुलामा त्याहून जाड होता.

मग कळले कसे? पाण्यातल्या वजनावरून. पाटली हवेत 24 ग्रॅम भरली. दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवली, तेव्हा वजन 2.6 ग्रॅमने उतरले. 22 कॅरेटची भरीव पाटली असती, तर ते जेमतेम 1.35 ग्रॅमने उतरले असते. ताईंच्या परवानगीने आतल्या कडेला कानशीने खाच पाडली आणि तिथे थेंब टाकला. हिरवा फेस आला. हा वजनाचा प्रयोग पोकळ, लाख भरलेल्या किंवा खड्यांच्या दागिन्यावर चालत नाही. तो खराही खोटा दाखवेल.

शंका असेल तर दागिना बीआयएस मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात न्या. तिथे तुमचा स्वतःचा दागिनाही शुल्क घेऊन तपासून देतात. नवीन घेताना बीआयएसचे चिन्ह, 22K916 असा शिक्का आणि सहा अक्षर-आकड्यांचा HUID असे तिन्ही भिंगातून बघा. दुकानात भिंग मागायला संकोच करू नका. मग BIS CARE ॲपमध्ये Verify HUID वर तो क्रमांक टाका. शुद्धतेबरोबर दागिन्याचा प्रकारही वाचा. हातात पाटली आणि ॲपवर अंगठी दिसली, तर तो क्रमांक दुसऱ्याच दागिन्यावरून उचललेला आहे.