फॉलोअरांचे मोहीमनिहाय तुकडी-विश्लेषण

फॉलोअरांचे मोहीमनिहाय तुकडी-विश्लेषण : समाजमाध्यमावरील खात्याचे फॉलोअर कोणत्या पोस्ट-मालिकेच्या काळात आले त्यानुसार त्यांच्या तुकड्या पाडून, प्रत्येक तुकडीतील किती जण ठरावीक दिवसांनंतर टिकून आहेत हे मोजण्याची पद्धत. मालिका आधीच वेळ लावून (शेड्यूल करून) ठेवलेली असेल तर तिच्या सुरुवातीची व शेवटची तारीख निश्चित असते. त्यामुळे तुकडीच्या सीमा आखणे सोपे जाते. फॉलोअरांच्या एकूण आकड्यात आलेले आणि गेलेले एकमेकांत मिसळून जातात. ते वेगळे करणे हा या पद्धतीचा हेतू होय.

संज्ञा. या गटाला इंग्रजीतून आलेला ‘कोहोर्ट’ हा शब्द रूढ आहे. मूळ लॅटिन ‘कोहोर्स’ म्हणजे कुंपण घातलेले आवार. पुढे रोमन सैन्यात लीजन या मोठ्या दळाच्या दहाव्या भागाला हे नाव मिळाले. लष्करी अर्थ पाहता मराठीत ‘तुकडी’ हा प्रतिशब्द चपखल बसतो आणि प्रस्तुत नोंदीत तोच वापरला आहे. कार्यालयांत ‘बॅच’ म्हणतात. खरे तर ‘घाणा’ हा शब्दही वाईट नव्हता : एकाच वेळी कढईत सोडलेले ते एकाच घाण्याचे, मग त्यांतले काही करपोत की काही फुलोत. ‘अनुयायी’ हा शब्द मात्र फॉलोअरसाठी टाळलेला बरा, कारण त्यात श्रद्धेची छटा येते.

उगम. ही पद्धत समाजमाध्यमांत जन्मलेली नाही. तिचे जनकत्व कोणाकडे द्यावे याबद्दल एकमत नाही. काही लेखक तिचा धागा एडमंड हॅली याच्या १६९३ च्या आयुर्मान सारणीपर्यंत मागे नेतात. परंतु हॅलीने ब्रेस्लाऊ शहरातील १६८७ ते १६९१ या पाच वर्षांतल्या मृत्यूंवरून सारणी बांधली होती. एकाच वर्षी जन्मलेल्या माणसांचा शेवटपर्यंत पाठपुरावा त्यात नव्हता. म्हणून तिला काळाचा छेद म्हणता येईल, तुकडीचा नव्हे. जन्मवर्षांच्या गटांचा मृत्युदर स्वतंत्रपणे पाहण्याचे प्रयत्न १९३० च्या आसपास थोड्या अंतराने निरनिराळ्या ठिकाणी झालेले दिसतात. नॉर्वेच्या अँडवोर्डने १९३० मध्ये क्षयरोगाबाबत असा विचार मांडला. ब्रिटनमध्ये करमॅक, मॅकेन्ड्रिक व मॅकिन्ले यांनी १९३४ मध्ये सर्वसाधारण मृत्युदरांबाबत तो मांडला.

अमेरिकेतील साथरोगतज्ज्ञ वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट याचा लेख त्यानंतरचा. तो त्याच्या मृत्यूनंतर, १९३९ मध्ये छापला गेला. अग्रक्रम अँडवोर्डला द्यावा लागला, तरी आज वापरात असलेल्या मांडणीची खरी ओळख फ्रॉस्टच्या लेखात पटते. मॅसॅच्युसेट्समधील आकड्यांत १९३० साली क्षयाने मरणाऱ्यांचे प्रमाण उतारवयात जास्त दिसत होते. त्यावरून रोग आता वृद्धांकडे वळला, असा समज होण्यासारखा होता. फ्रॉस्टने तेच आकडे जन्मदशकानुसार लावले, तेव्हा चित्र उलटे झाले. त्या वृद्धांच्या पिढीने तरुणपणी याहून मोठा मृत्युदर सोसला होता आणि वय वाढत गेले तसा तिचा मृत्युदर उतरतच आला होता. ज्या तारखेला आपण मोजतो त्या तारखेचा छेद आणि एकाच तुकडीचा प्रवास या दोन भिन्न गोष्टी आहेत, ही जाणीव फॉलोअरांच्या हिशेबातही पायाभूत ठरते. ‘कोहोर्ट’ला समाजशास्त्रात सैद्धांतिक बैठक नॉर्मन रायडर याने १९६५ मध्ये दिली. व्यापारी वापर सॉफ्टवेअर कंपन्यांतून पसरला. अमेरिकन उद्योजक-लेखक एरिक रीस याने २०११ मध्ये फुगत जाणाऱ्या एकूण आकड्यांना ‘दिखाऊ’ ठरवून तुकड्यांचा आग्रह धरल्यावर नवउद्योगांत तो सर्वतोमुखी झाला.

मोजणी. यासाठी प्रत्येक फॉलोअर कधी आला हे कळावे लागते. इन्स्टाग्रामवर खातेधारकाने आपली माहिती जेसन स्वरूपात उतरवून घेतली की `followers_1.json` या फाइलीत प्रत्येक नावापुढे फॉलो केल्याचा क्षण असतो :

```
"value": "vachak_namuna",
"timestamp": 1729883400
```

हा आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद, ग्रीनिच वेळेनुसार. वरील क्षण ग्रीनिचला २५ ऑक्टोबर २०२४ ची सायंकाळ (७.१०) आहे. भारतात तेव्हा मध्यरात्र उलटून २६ तारखेचे १२.४० वाजलेले आहेत. साडेपाच तास मिळवायचे राहिले तर मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतले सगळे जण आदल्या दिवशी मोजले जातात. मालिकेचा पहिला दिवस त्यामुळे लंगडा पडतो. महिनाभराच्या मालिकेत हा फरक विरून जातो, तीन दिवसांच्या मोहिमेत मात्र डोळ्यांत भरतो.

याहून मोठी अडचण अशी की या फाइलीत फक्त टिकलेले असतात. आलेला माणूस निघून गेला की त्याची ओळ नाहीशी होते. म्हणून एकाच फाइलीवरून गळती कळत नाही. मालिका संपताच एक फाइल आणि नंतर ७ व्या, ३० व्या व ९० व्या दिवशी एकेक, अशा चार फाइली घेऊन नावे ताडून पाहावी लागतात. दुसऱ्या फाइलीत एखादे नवे नाव जुन्याच क्षणासह दिसले, तर तो नवा माणूस नव्हे, जुन्यानेच नाव बदललेले असते. त्याला गेलेला आणि आलेला असे दोनदा मोजू नये. या याद्या लोकांच्या नावांच्या असल्यामुळे ताळमेळ झाल्यावर नावांऐवजी क्रमांक ठेवणे उचित.

एक हिशेब. पुढील आकडे पद्धत समजावी म्हणून कल्पिलेले आहेत. एका पुस्तकविक्रेत्याच्या खात्यावर एरवी रोज १० नवे फॉलोअर येतात आणि त्यांपैकी ८० टक्के ९० व्या दिवशी टिकलेले असतात. त्याने दोन मोहिमा लावल्या. पहिली, रोज रात्री ९ वाजता एका दिवाळी अंकाची ओळख, २१ दिवस. दुसरी, फॉलो करणाऱ्यांतून चिठ्ठी काढून पुस्तकसंच देण्याची ५ दिवसांची सोडत. अंक-ओळखीच्या काळात ४२० जण आले, सोडतीच्या काळात ९००. दोन्ही मोहिमांच्या मध्ये मुद्दाम दोन आठवड्यांची मोकळी जागा ठेवली होती. ती नसती तर उशिरा येणाऱ्यांचे श्रेय कोणाला द्यायचे यावरच हिशेब अडला असता.

९० व्या दिवशी अंक-ओळखीतले ३५७ उरले, सोडतीतले ४०५. टक्केवारी ८५ आणि ४५. परंतु यात मोहीम नसती तरी आले असते असे लोक मिसळलेले आहेत. २१ दिवसांत ते २१० आणि ५ दिवसांत ५०. त्यांपैकी अनुक्रमे १६८ व ४० टिकले असते. ते वजा केले की अंक-ओळखीने आणलेल्या २१० पैकी १८९ टिकले, म्हणजे दहात नऊ. सोडतीने आणलेल्या ८५० पैकी ३६५ टिकले, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तरीही डोकी मोजली तर सोडतच पुढे दिसते. नवशिके बहुधा टक्केवारीवर निकाल लावून मोकळे होतात. तो घाईचा आहे. १८० व्या दिवशी हाच हिशेब पुन्हा करून समजा १८३ व २३८ असे आकडे आले, तर अंक-ओळखीची रेषा सपाट झाली आहे आणि सोडतीची अजून उतरत आहे. रेषा सपाट झाल्याखेरीज ‘टिकाऊ’ हा शब्द वापरू नये, हे मत येथे ग्राह्य धरले आहे. ३० दिवसांची मुदत पुरेशी मानणारेही आहेत, पण बक्षिसाच्या मोहिमांत ती अपुरी पडते.

याच उदाहरणात पहिली फाइल उशिरा घेतली तर काय होते तेही पाहण्याजोगे आहे. सोडतीचा निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी लोक पांगतात. विक्रेत्याने मालिका संपताच फाइल न घेता आठवड्याने घेतली आणि तोवर ९०० चे ५२० झाले असतील, तर त्याला तुकडीच ५२० ची वाटेल. मग ४०५ म्हणजे ७८ टक्के टिकले, म्हणजे जवळजवळ एरवीइतकेच, असा निष्कर्ष निघेल. फसगत ओळखण्याची खूण खात्याच्या इनसाइट्समध्ये असते. तेथे रोजचे आलेले व गेलेले वेगवेगळे दाखवतात. त्या पाच दिवसांत तेथे ९०० आलेले आणि फाइलीत त्याच तारखांचे ५२० च, तर मधले ३८० नोंद होण्याआधीच निघून गेले. इनसाइट्स मर्यादित दिवसच मागचे दाखवत असल्याने हा ताळा वेळीच घ्यावा लागतो.

मर्यादा. तुकडी, तिचे वय म्हणजे ती येऊन झालेले दिवस, आणि मोजणीचा दिनांक या तिघांपैकी दोन ठरले की तिसरे आपोआप ठरते. त्यामुळे गळती नेमकी कशामुळे झाली हे आकडेच सांगतील असे नाही. इन्स्टाग्रामने डिसेंबर २०१४ मध्ये आणि ट्विटरने जुलै २०१८ मध्ये बनावट वा गोठवलेली खाती मोजणीतून काढली, तेव्हा एकाच दिवशी सर्व जुन्या तुकड्या घटल्या. ओळीत तुकड्या आणि रकान्यात वय असा तक्ता मांडला तर अशी घट तिरप्या रेषेत उमटते. एकाच ओळीतली घट त्या मालिकेची आणि तिरपी घट त्या दिवसाची, असा ढोबळ भेद करता येतो. तुकड्यांची तुलना नेहमी समान वयावर करावी. दिवाळीची तुकडी ९० दिवसांची आणि संक्रांतीची २० दिवसांची असताना दोन्ही शेजारी ठेवल्या तर संक्रांत उगाच सरस दिसते.

दुव्याला `utm_campaign` ही मोहिमेची खूण जोडून येणारी नोंद संकेतस्थळावर पोचलेल्यांची असते, फॉलो करणाऱ्यांची नव्हे. यूट्यूबवर चॅनेलधारकाला प्रत्येक व्हिडिओच्या आकडेवारीत मिळालेले व गमावलेले सबस्क्रायबर दिसतात, पण गमावलेला माणूस ज्या व्हिडिओवरून निघाला त्याच्या नावे पडतो, ज्याने त्याला आणले त्याच्या नावे नाही. या दोहोंची वजाबाकी म्हणजे त्या व्हिडिओचे टिकाऊ प्रेक्षक असे समजणे चूक आहे. ब्लूस्काय या समाजमाध्यमावर फॉलोची नोंद सार्वजनिक असून तिच्यात `createdAt` हा क्षण असतो, मात्र तो फॉलो करणाऱ्याच्या अ‍ॅपने लिहिलेला असतो.