तांबी (कॉपर टी)

तांबी म्हणजे गर्भाशयात बसवायचे, इंग्रजी 'T' अक्षराच्या आकाराचे, तांब्याची तार गुंडाळलेले संततिनियमनाचे साधन. सर्वाधिक वापरात असलेल्या कॉपर टी ३८०ए या प्रकारात प्लास्टिकचा सांगाडा सुमारे ३.२ सेंमी रुंद आणि ३.६ सेंमी उंच असतो. नावातला आकडा तांब्याच्या उघड्या पृष्ठभागाचा, म्हणजे ३८० चौ. मिमी. खालच्या टोकाला दोन बारीक दोरे असतात. त्यांवरून तांबी जागेवर आहे का हे कळते आणि काढतानाही तेच ओढतात.

तांबीत संप्रेरक नसते. तारेतून तांब्याचे आयन सतत सुटत राहतात. ते शुक्रजंतूंची हालचाल मंदावतात आणि त्यांना निकामी करतात. शिवाय परकी वस्तू आत आल्यामुळे गर्भाशयाच्या अस्तराला जंतुसंसर्गाविना सूज येते आणि तिथे पांढऱ्या पेशी जमतात. त्यामुळे बहुतेक वेळा फलनच होत नाही. पहिल्या वर्षात शंभरातल्या एखाद्याच स्त्रीला गर्भ राहतो आणि परिणाम किमान १० वर्षे टिकतो. बीजांडे नेहमीप्रमाणे तयार होतात, त्यामुळे पाळीचे चक्र बदलत नाही; बदलते ते रक्तस्रावाचे प्रमाण.

बसवण्याचे काम साधारण पाच-दहा मिनिटांचे. आधी आतून तपासून गर्भाशय पुढे झुकलेले आहे की मागे हे पाहतात. मग योनिमार्ग उघडा ठेवणारे उपकरण लावून गर्भाशयमुख जंतुनाशकाने पुसतात. यानंतर तीन वेळा कळ येते. चिमट्याने गर्भाशयमुख पकडताना पहिली, गर्भाशयाची खोली (बहुधा ६ ते ९ सेंमी) मोजायची सळई आत जाताना दुसरी, आणि तांबीचे हात आत उघडताना तिसरी. पाळीच्या वेळी पोटात येते तशीच, पण जोराची आणि थोडा वेळ टिकणारी असते. हात उघडताना आतला दांडा स्थिर धरून बाहेरची नळी मागे घ्यायची असते. दांडाच पुढे ढकलला तर गर्भाशयाला छिद्र पडण्याचा धोका वाढतो. एरवी हे हजारात एक-दोघींनाच होते. शेवटी दोरे सुमारे ३ सेंमी ठेवून कापतात. काहींना घेरी येते, म्हणून लगेच उठू नये. आधी घेतलेल्या आयबुप्रोफेनने नंतरचे पोटदुखणे कमी होते, बसवतानाची कळ फारशी नाही. तिच्यासाठी गर्भाशयमुखाजवळ भुलीचे इंजेक्शन मागता येते. मूल न झालेल्या स्त्रियांनी ते जरूर मागावे.

खरी काळजी असते ती पाळीत जास्त अंगावर जाण्याची, आणि ती मनाचे खेळ म्हणून झटकण्यासारखी नाही. सुजलेल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने वाढतात आणि रक्ताच्या गुठळ्या विरघळवणारी यंत्रणाही जोर धरते. साहजिकच स्राव साधारण २० ते ५० टक्के वाढतो आणि तो एक-दोन दिवस जास्त चालतो. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत त्रास सर्वाधिक असतो, पुढे बहुतेकींचा कमी होतो.

ही वाढ कोणाला झेपेल हे लोहाच्या हिशेबाने पाहता येते. हिमोग्लोबिन १२ असेल तर १ मिली रक्तात सुमारे ०.४ मिग्रॅ लोह असते. एखादीची पाळी ४० मिलीवरून ६० मिलीवर गेली, तर दर महिन्याला ८ मिग्रॅ, म्हणजे वर्षाला सुमारे १०० मिग्रॅ लोह जादा जाते. लोहाचा साठा दाखवणारे रक्तातले फेरिटिन ४० असेल तर शरीरात ३०० मिग्रॅच्या आसपास साठा असतो. साठा घटला की आतडीही लोह थोडे जास्त शोषतात, त्यामुळे बहुधा निभावते. फेरिटिन १२ असेल तर साठाच जेमतेम १०० मिग्रॅ, आणि वर्षभरात तो तळाला जाऊ शकतो. म्हणून आधीच भरपूर अंगावर जाणारी किंवा लोह कमी असलेली स्त्री असेल, तर बसवण्यापूर्वी नुसते हिमोग्लोबिन न पाहता फेरिटिनही पाहावे.

स्राव वाढल्यास पाळी सुरू होताच आयबुप्रोफेन ४०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, जेवणानंतर, पाच दिवसांपर्यंत घेता येते. जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार किंवा या औषधांची ॲलर्जी असल्यास ते टाळावे. ॲस्पिरिन घेऊ नये, त्याने रक्त आणखी जाते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडही उपयोगी पडते, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने. शिरेत रक्ताची गाठ होऊन गेली असेल तर ते वर्ज्य आहे.

सलग दोन तास दर तासाला पॅड भिजत असेल, तर वाट पाहू नये. महिनोन्‌महिने ठीक चाललेले असताना अचानक स्राव वाढला, तर तो तांबीचा नेहमीचाच त्रास समजू नये. दोरे लांब लागतात का, सापडतच नाहीत का, की प्लास्टिकचे कडक टोक बोटाला लागते, हे पाहावे. तिन्हींत तांबी सरकलेली किंवा पडलेली असू शकते, आणि तपासणी होईपर्यंत दुसरे साधन वापरावे लागते. तपासणीत गर्भधारणा, संसर्ग आणि गर्भाशयातली गाठ यांचीही शहानिशा करतात. काहीच सापडले नाही आणि स्राव सहन होत नसेल, तर दोरे ओढून तांबी काढतात. त्याला एक-दोन मिनिटे पुरतात आणि गर्भधारणेची क्षमता लगेच परतते.